फाईलवरची टिप्पणी: ‘मान्यतेस्तव सादर’च्या वर नेमकं काय लिहितात?

आजच्या भागात आपण एक सरकारी टिप्पणी उघडून बघणार आहोत. टिप्पणी म्हणजे फाईलवरचा तो मजकूर, ज्याच्या शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’ असं लिहिलेलं असतं आणि ज्याच्यावर एकामागून एक सह्या होत जातात. आपल्याला बाहेरून फक्त निकाल दिसतो, म्हणजे मंजूर झालं किंवा अडकलं. पण का अडकलं, ते बहुतेक वेळा त्या दोन पानांत असतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका प्रोजेक्टमुळे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, ई-ऑफिस चालतं तिथे, मला काही महिने बसायला मिळालं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, आणि आकडे कळायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. प्रकरणाचा सांगाडा मात्र तोच आहे.

विषय साधा होता. प्रयोगशाळेत उणे ८० अंशांचे चार फ्रीझर. त्यात नमुने ठेवलेले, काही दहा-दहा वर्षं जुने, जे परत गोळा करता येणार नाहीत. फ्रीझरच्या देखभालीचा करार ३१ मार्चला संपणार होता. ज्या कंपनीने फ्रीझर बनवले, तिच्याकडेच करार होता, वर्षाला १ लाख ६० हजार रुपये अधिक जीएसटी. फेब्रुवारीत कंपनीचं नवं पत्र आलं: यापुढे २ लाख ४० हजार, वर जीएसटी, आणि पूर्ण वर्षाचे पैसे आगाऊ.

म्हणजे सरळ दीडपट. आणि तारीख डोक्यावर.

सेक्शनमधल्या सहायकाने जी पहिली टिप्पणी तयार केली ती थोडक्यात अशी होती. करार ३१ मार्चला संपतोय. उपकरणं अत्यंत महत्त्वाची आहेत. कंपनी हीच एकमेव उत्पादक आहे. मागच्या वेळीही याच कंपनीला काम दिलं होतं. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १६६ नुसार एकल निविदेने काम देता येतं. खर्च २ लाख ४० हजार, निधी उपलब्ध आहे. मान्यतेस्तव सादर.

वाचायला काही चूक वाटत नाही ना? नियम आहे, पूर्वोदाहरण आहे, खर्च आहे. तिन्ही गोष्टी हजर. वित्त शाखेने ही फाईल चार दिवसांत परत पाठवली, आणि माझ्या मते बरोबर केलं. कारण तिन्ही गोष्टी फक्त नावाला हजर होत्या.

आधी नियम घेऊ. नियम १६६ काय म्हणतो? एकाच पुरवठादाराकडून खरेदी तीन परिस्थितींत करता येते. एक, ती वस्तू फक्त एकच कंपनी बनवते हे वापरणाऱ्या विभागाला माहीत आहे. दोन, तातडीची गरज आहे, पण मग तातडीचं कारण लिहून सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. तीन, आधीच्या यंत्राशी जुळणारी वस्तू किंवा सुटा भाग हवाय, आणि तसं तांत्रिक तज्ज्ञाने सांगितलंय. पहिल्या परिस्थितीसाठी एक प्रमाणपत्रही जोडायचं असतं. त्यात ‘दुसरी कुठलीही मेक किंवा मॉडेल खालील कारणांमुळे चालणार नाही’ असं वाक्य आहे, आणि त्या ‘खालील कारणां’च्या जागी खरंच कारणं लिहायची असतात. बरेच लोक तिथे ‘कारण ही कंपनी उत्पादक आहे’ असं लिहितात, म्हणजे प्रश्नच उत्तर म्हणून परत.

आता आपल्या प्रकरणात काय हवं होतं? वस्तू नाही, देखभाल हवी होती. फ्रीझर एकच कंपनी बनवते हे खरं, पण तो दुरुस्त एकच कंपनी करू शकते हे त्यातून सिद्ध होत नाही. तुमचा फोन ज्या कंपनीचा आहे तिच्याकडेच स्क्रीन बदलावा लागतो का? आणि गंमत म्हणजे देखभाल कराराबद्दल त्याच नियमावलीत वेगळा नियम आहे, १६९. तो म्हणतो की देखभालीचा करार पुरवठादाराशी किंवा दुसऱ्या सक्षम संस्थेशी करता येईल, मूळ पुरवठादारच हवा असं नाही. म्हणजे टिप्पणीत जो नियम लिहिला होता तो वस्तूंसाठीचा, आणि जो लागू होत होता तो न लिहिलेला. तो लिहिला असता तर प्रस्तावच वेगळा झाला असता.

मला इथे एक गोष्ट लक्षात आली. बरेचदा आधी काय करायचं ते ठरतं, मग त्याला चालणारा नियम शोधला जातो. आपण कोड आधी लिहून टेस्ट नंतर ‘पास होईल अशी’ लिहितो, तसंच. ओळखायचं कसं? टिप्पणीत नुसता नियमाचा क्रमांक असतो. उपनियम नसतो, आणि ‘या नियमातली अमुक अट आपल्या प्रकरणात अशी पूर्ण होते’ हे वाक्य नसतं. ते एक वाक्य लिहायला बसलं की नियम लागू होतो की नाही ते लिहिणाऱ्यालाच कळतं.

दुसरं, आगाऊ पैसे. पहिल्या टिप्पणीत याबद्दल अवाक्षर नव्हतं. कंपनीचं पत्र जोडलंय, त्यात शंभर टक्के आगाऊ लिहिलंय, आणि टिप्पणी म्हणते ‘पत्रातील अटींनुसार मान्यता द्यावी’. नियम १७२ प्रमाणे सरकार साधारणपणे काम झाल्यावरच पैसे देतं. अपवाद आहेत, देखभाल करार हा त्यातला एक, पण आगाऊ रक्कम करारातल्या सहा महिन्यांच्या देय रकमेपेक्षा जास्त जाऊ शकत नाही. वर्षभराचे पैसे आधीच दिले आणि चौथ्या महिन्यात कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला, तर तुमच्या हातात काय राहतं? या अशा चार शब्दांच्या मान्यतेत अख्खी अट गुपचूप मंजूर होऊन जाते.

आता माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग, पूर्वोदाहरण.

‘मागच्या वेळीही याच कंपनीला दिलं होतं.’ हे वाक्य सरकारी फाईलमध्ये फार वजनदार असतं. आधी कोणीतरी सही केलीय, म्हणजे आता सही करणारा एकटा पडत नाही. वित्त शाखेने एकच प्रश्न विचारला: मागची मान्यता कोणत्या पानावर आहे? संदर्भ द्या.

इथे फाईल कशी रचतात ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फाईलचे दोन भाग असतात. एकात टिप्पण्या, दुसऱ्यात पत्रव्यवहार. दोन्हींची पानं वेगवेगळी मोजली जातात. टिप्पणीतले परिच्छेद क्रमाने मोजत जातात, पहिल्या माणसाचा परिच्छेद ५ ला संपला तर पुढच्याचा ६ पासून सुरू. म्हणून कोणीही ‘वरील परिच्छेद ३ पाहावा’ असं म्हणू शकतो. ई-ऑफिसमध्ये पिवळी टिप्पणी म्हणजे मसुदा, तो बदलता येतो, टाकून देता येतो. हिरवी टिप्पणी म्हणजे पक्की. ती पुढे पाठवली की तिच्यातला काना-मात्राही बदलत नाही. चूक झाली तर खाली नवीन परिच्छेद लिहून दुरुस्त करायची, वरचं तसंच राहतं. गिट वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तर सहायकाने जुनी फाईल काढली. तीन वर्षांपूर्वीची. त्यात मान्यता होती, खरंच होती. पण तेव्हाच्या अधिकाऱ्याने सहीच्या वर दोन ओळी लिहिल्या होत्या: वॉरंटी नुकतीच संपली असल्याने आणि इतर सेवा पुरवठादारांची माहिती उपलब्ध नसल्याने या वेळी मान्य. पुढील करारापूर्वी बाजारात चौकशी करावी.

म्हणजे जे पूर्वोदाहरण ‘पुन्हा तसंच करा’ म्हणून दाखवलं जात होतं, ते प्रत्यक्षात ‘पुन्हा तसंच करू नका’ म्हणत होतं. आणि तीन वर्षांत कोणी ती चौकशी केली नव्हती.

पूर्वोदाहरण तपासताना मी तिथे ज्या सेक्शन ऑफिसर मॅडमशेजारी बसायचो, त्या तीन गोष्टी बघायच्या. परिस्थिती तीच होती का. मान्यता देणारा अधिकारी त्याच पातळीचा होता का, कारण वरच्या पातळीवर खास बाब म्हणून दिलेली मान्यता खालच्याला पूर्वोदाहरण म्हणून वापरता येत नाही. आणि त्या मान्यतेवर नंतर ऑडिटने आक्षेप घेतला होता का. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, कारण आक्षेपाचा कागद ऑडिटच्या वेगळ्या फाईलमध्ये असतो.

मॅडमनी सहायकाला बोलावून घेतलं.

‘अहो, तुम्ही जुनी टिप्पणी वाचलीत का, की फक्त मंजुरीचं पत्र बघितलंत?’

‘मॅडम, पत्रच. पत्रात अट नव्हती.’

‘पत्रात नसतेच. पत्र बाहेर जातं. कारणं आत राहतात.’

मला हे फार आवडलं. बाहेर जातं ते आउटपुट, कारणं नोटशीटवर. जाता जाता अजून एक. नोटशीटवर ‘झालेल्या चर्चेनुसार’ असा शब्दप्रयोग दिसला तर सावध व्हा. कोणाशी, कधी, काय ठरलं हे खाली लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी त्या वाक्याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही, आणि जबाबदारी मात्र लिहिणाऱ्यावर येते.

आता खर्च. पहिल्या टिप्पणीत ‘खर्च २ लाख ४० हजार, निधी उपलब्ध’ एवढंच होतं. यात दोन भोकं. एक, जीएसटी धरलेला नाही. १८ टक्के म्हणजे ४३ हजार २०० रुपये, एकूण २ लाख ८३ हजार २००. मंजुरी नेहमी करांसह पूर्ण रकमेची घ्यायची, कारण कोणता अधिकारी किती रकमेपर्यंत सही करू शकतो हे पूर्ण रकमेवर ठरतं. दोन, ‘निधी उपलब्ध’ म्हणजे कुठल्या वर्षाचा? टिप्पणी फेब्रुवारीतली, दाखवलेली शिल्लक चालू वर्षाची. पण खर्च होणार एप्रिलनंतर! चालू वर्षाची न वापरलेली शिल्लक ३१ मार्चला संपते, पुढे नेता येत नाही. फेब्रुवारीतली शिल्लक दाखवून एप्रिलचा खर्च मंजूर करून घेणं म्हणजे एक्सपायर होणाऱ्या कूपनवर पुढच्या महिन्याची ऑर्डर.

दुसरी टिप्पणी मॅडमनी स्वतः बसून लिहून घेतली. तिला आठवडा लागला, त्यातले पाच दिवस माहिती गोळा करण्यात गेले. लिहिणं दोन तासांचं.

त्यांनी आधी बिघाडाची नोंदवही मागवली. तीन वर्षांत सात वेळा तंत्रज्ञ आला होता आणि दोन कॉम्प्रेसर बदलले होते. मग कंपनीकडूनच विचारलं की करार नसता तर याचे किती घेतले असते. उत्तर आलं: एका भेटीचे ८ हजार, एका कॉम्प्रेसरचे ९० हजार. आता हिशोब करू. सात भेटींचे ५६ हजार, दोन कॉम्प्रेसरचे १ लाख ८० हजार, मिळून २ लाख ३६ हजार, जीएसटीसह २ लाख ७८ हजार ४८०. आणि करारापोटी तीन वर्षांत किती दिले? वर्षाला १ लाख ६० हजारप्रमाणे ४ लाख ८० हजार, जीएसटीसह ५ लाख ६६ हजार ४००. म्हणजे करार न करता निम्म्यात भागलं असतं.

इथे बहुतेक जण हा आकडा टिप्पणीत घालणारच नाहीत, कारण तो प्रस्तावाच्या विरोधात जातो. मॅडमनी घातला. आणि त्याच्या खाली लिहिलं की जास्तीच्या पैशांत काय मिळतं. करारात २४ तासांत तंत्रज्ञ येण्याची अट होती आणि नोंदवहीप्रमाणे ती सातही वेळा पाळली गेली होती. करार नसणाऱ्या ग्राहकाला कॉम्प्रेसर मिळायला चार ते सहा आठवडे, असं कंपनीच्याच उत्तरात लिहिलेलं होतं. उणे ८० च्या फ्रीझरमध्ये दोन कॉम्प्रेसर जोडीने काम करतात, एक बसला तरी तापमान काही तासांत चढायला लागतं. बंद पडलेल्या फ्रीझरमधला माल बाकीच्या तिघांत हलवायचा तर तेवढी जागा रिकामी नव्हती. म्हणून करार हवा. हा युक्तिवाद ‘उपकरणं अत्यंत महत्त्वाची आहेत’ या वाक्यापेक्षा किती वेगळा आहे बघा. वाचणारा असहमत होऊ शकतो, पण कशाशी असहमत आहोत हे त्याला सांगावं लागेल.

मग प्रस्ताव. त्यात दोन भाग होते. पहिला, सध्याच्या कंपनीला जुन्याच दराने आणि जुन्याच अटींवर तीन महिन्यांची मुदतवाढ. जुन्या करारात मुदतवाढीचं कलम होतं, आणि कंपनीचं लेखी संमतीपत्र टिप्पणी वर जाण्याआधीच पत्रव्यवहाराच्या भागात लावलेलं होतं. खर्च ४० हजार अधिक ७ हजार २०० जीएसटी, एकूण ४७ हजार २००. दुसरा, या तीन महिन्यांत जेम पोर्टलवर देखभाल सेवेसाठी खुली बोली, १ जुलैपासून एक वर्षासाठी. अंदाजित खर्च जुन्या दराने १ लाख ८८ हजार ८००. पैसे दर तिमाहीला काम झाल्यावर. आगाऊ काही नाही, त्यामुळे नियम १७२ चा प्रश्नच मिटला.

दोन्ही भाग एकाच टिप्पणीत का? नियम १५७. वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी किंवा बोली टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करायचे नाहीत. ४७ हजारांची फाईल आज, १ लाख ८८ हजारांची तीन महिन्यांनी, असं केलं असतं तर हेतू चांगला असूनही तुकडे केल्यासारखं दिसलं असतं. म्हणून एकूण २ लाख ३६ हजार एकत्र दाखवले आणि तेवढ्या रकमेला ज्याचा अधिकार, त्याच्याकडे फाईल पाठवली. वर्षाप्रमाणे फोडही दिली. पुढच्या आर्थिक वर्षात १ लाख ८८ हजार ८००, आणि त्याच्या पुढच्या वर्षात उरलेल्या तिमाहीचे ४७ हजार २००. लेखाशीर्ष दुरुस्ती व देखभालीचं, ‘त्या त्या वर्षीच्या अनुदानाच्या अधीन राहून’.

आणि शेवटचा परिच्छेद. यात अधिकाऱ्याला नेमकं काय ठरवायचंय ते आकड्यांसह लिहायचं असतं. ‘परिच्छेद ९ मधील (अ) रु. ४७,२०० च्या खर्चाने तीन महिन्यांच्या मुदतवाढीस आणि (ब) रु. १,८८,८०० च्या अंदाजित खर्चाने बोली काढण्यास मान्यता द्यावी’. यावर वरचा माणूस नुसतं ‘सहमत’ लिहितो, तेव्हा तो कशाशी सहमत आहे याबद्दल नंतर वाद होत नाही. पहिल्या टिप्पणीवर ‘सहमत’ आलं असतं तर आगाऊ रकमेशी सहमत होते की नव्हते, कोण सांगणार?

वित्त शाखेने एकच शेरा मारला: बोलीच्या अटींत उशिरा सेवेसाठी दंड टाकावा. तो टाकला. फाईल तीन दिवसांत खाली आली.

हे केंद्राच्या कार्यालयातलं आहे. महाराष्ट्र शासनात खरेदीचे नियम वेगळे, उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदी नियमपुस्तिका तिथे लागू होते. त्यामुळे मंत्रालयातल्या टिप्पणीत १६६, १७२ हे आकडे शोधू नका. मांडणी मात्र साधारण हीच असते, आणि भाषा मराठी.

तुम्हाला एखादी टिप्पणी प्रत्यक्ष वाचायची असेल तर माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जात ‘मंजुरीची प्रत’ मागितली तर तुम्हाला ते बाहेर जाणारं पत्रच मिळेल. ‘टिप्पणी भागाच्या आणि पत्रव्यवहार भागाच्या प्रती’ असं स्पष्ट लिहा. केंद्राच्या कार्यालयात अर्जाचे १० रुपये आणि प्रतीच्या प्रत्येक पानाचे २ रुपये पडतात.

बोलीचं काय झालं? तीन बोली आल्या, जुन्या कंपनीचीही. सगळ्यात कमी दर तिचाच निघाला, १ लाख ६८ हजार अधिक जीएसटी. फेब्रुवारीत २ लाख ४० हजार मागणारी तीच कंपनी. पण मंजूर अंदाजापेक्षा हे करांसह ९ हजार ४४० रुपयांनी जास्त होतं, म्हणून मॅडमनी अर्ध्या पानाची आणखी एक टिप्पणी लिहिली, वरच्या परिच्छेद ९ चा संदर्भ देऊन, वाढीव रकमेच्या मान्यतेसाठी.

पुढच्या शुक्रवारी भेटू, निविदेतल्या अटी एकाच कंपनीच्या मापाच्या कशा शिवल्या जातात त्यावर बोलायचंय.